डोळ्याची नस सुजली म्हणजे काय? नजर गेलेल्या शिक्षिकेपेक्षा ६/६ वाचणाऱ्या बाळंतिणीची घाई डॉक्टरांना जास्त का असते

धाराशिवच्या एखाद्या सरकारी दवाखान्यातली डोळ्यांची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. बाकावर बहुतेक मोतीबिंदूवाले आजी-आजोबा, चष्म्याचा नंबर काढायला आलेली पोरं आणि खुरप्याने उडालेला कचरा डोळ्यात गेलेला एखादा शेतकरी. त्याच रांगेत दोन बायका बसल्यात असं समजा. दोघी काल्पनिक आहेत, पण अशा जोड्या डॉक्टरांना खरोखर भेटतात.

पहिली तुळजापूर तालुक्यातली, ३० वर्षांची शिक्षिका. चार दिवसांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मागे दुखायला लागलं. डोळा इकडून तिकडे फिरवला की कळ यायची. दुसऱ्या दिवशी त्या डोळ्याला धुरकट दिसायला लागलं आणि आज फळ्यावरचं अक्षर सोडा, समोरच्याचा चेहराही नीट ओळखू येत नाही. डावा डोळा ठणठणीत.

दुसरी कळंब तालुक्यातली, २४ वर्षांची. बाळंत होऊन १६ दिवस झालेत. आठवडाभर डोकं दुखतंय, पहाटे जास्त. घरच्यांचं म्हणणं, 'वारं लागलंय, कान बांध.' आज ती आली ते वेगळ्याच कारणाने. बाळाचे कपडे उचलायला वाकून उठली की दोन-चार सेकंद सगळं काळं होतं, मग पुन्हा लख्ख दिसतं. तक्त्यावरच्या सगळ्या ओळी तिने दोन्ही डोळ्यांनी वाचल्या. नजर ६/६.

आत डॉक्टरांनी दोघींच्या डोळ्यात डोकावून पाहिलं, तर जे दिसलं ते जवळपास सारखंच. डोळ्याच्या पडद्यावर जिथून मुख्य नस बाहेर पडते ती चकती फुगलेली, कडा पुसट. शिक्षिकेची एकाच डोळ्यात, बाळंतिणीची दोन्ही डोळ्यांत.

रांगेतल्या कुणालाही विचारलं तर आधी शिक्षिकेला बघा असं सांगेल. तिला दिसत नाहीये, तेव्हा ते बरोबरच वाटतं. डॉक्टर मात्र गाडी बोलावतात ती बाळंतिणीसाठी. असं का, ते कळायला ती चकती म्हणजे काय आणि ती सुजते कशाने, हे आधी बघावं लागेल.

चकती सुजते म्हणजे नेमकं काय होतं?

डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर पडदा असतो. त्यावर पडलेलं चित्र मेंदूपर्यंत नेणारे सुमारे १० ते १२ लाख बारीक धागे पडद्यावरून एका जागी गोळा होतात, त्यांची जुडी होते आणि ती डोळ्याच्या मागून बाहेर पडून मेंदूकडे जाते. ही जुडी म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, आपल्या बोलण्यातली डोळ्याची नस. ती जिथून बाहेर पडते ती जागा आतून बघितली की दीड मिलिमीटरच्या आसपासची, फिकट केशरी गोल चकती दिसते. हीच ऑप्टिक डिस्क. निरोगी माणसात तिच्या कडा बहुतेक स्पष्ट असतात आणि मधोमध थोडा खळगा असतो.

या नसेची एक गोष्ट हाताच्या किंवा पायाच्या नसेपेक्षा वेगळी आहे. ती खरं तर मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. मेंदूला जी आवरणं असतात तीच या नसेवरही चढलेली असतात आणि त्या आवरणांच्या आत मेंदूभोवतीचं पाणीही डोळ्याच्या अगदी मागपर्यंत येतं. त्यामुळे कवटीच्या आतला दाब वाढला की तो या पाण्यातून थेट डोळ्याच्या मागच्या बाजूला पोचतो.

आता नसेच्या धाग्यांमधून सतत माल वाहत असतो. पेशीला लागणारी द्रव्यं पुढे-मागे जातात, कालव्यातून पाणी जावं तशी. मागून दाब आला की हा प्रवाह नेमका चकतीच्या जागी तुंबतो. धागे फुगतात, चकती वर येते, कडा पुसट होतात. कवटीतला दाब वाढून अशी सूज आली तरच तिला पॅपिलेडिमा म्हणायचं. कुठल्याही सुजलेल्या चकतीला पॅपिलेडिमा म्हणून टाकणं ही दवाखान्यांतल्या कागदांवर नेहमी दिसणारी चूक आहे, आणि त्या एका शब्दाने पुढची दिशा बदलू शकते.

पॅपिलेडिमात धागे तुंबलेले असतात, पण सुरुवातीला संदेश पोचवत राहतात. वाहन अडकलंय, रस्ता तुटलेला नाही. म्हणून नजर बरेच दिवस, कधी आठवडे, चांगली राहते.

ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये उलट. तिथे खुद्द नसेला दाह होतो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून धाग्यांवरच्या वेष्टणावर हल्ला करते. वायरवरचं प्लॅस्टिक सोलल्यासारखं होतं आणि संदेश अडखळतो. म्हणून काही तासांत ते काही दिवसांत नजर उतरते. दाह चकतीजवळ असेल तर चकती सुजलेली दिसते, पण तो मागे, डोळ्याच्या खोबणीत खोल असेल तर चकती अगदी नेहमीसारखी दिसते. यावरून डोळ्याच्या डॉक्टरांमध्ये एक जुनं वाक्य चालतं: रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही.

अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात ऑप्टिक न्यूरायटिसच्या ४५७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. त्यात साधारण तिघांपैकी एकाच्याच चकतीला सूज होती. डोळा दुखण्याची तक्रार मात्र दहापैकी नऊ जणांना होती. आपल्याकडे आणि एकूण आशियात चकती सुजण्याचं प्रमाण यापेक्षा जास्त आढळतं, म्हणून इथे दोन्ही आजारांची गल्लतही जास्त होऊ शकते.

थेंब टाकण्याआधीची दहा मिनिटं

सूज दोन्हीकडे सारखी दिसत असेल तर फरक कळतो कसा? तो बहुतांशी डोळ्यात डोकावण्याच्या आधीच कळलेला असतो. मोठं मशीनही लागत नाही. लागतो एक तक्ता, एक टॉर्च आणि औषधाच्या बाटलीचं लाल झाकण.

पहिलं काम एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावणं. शिक्षिकेचा उजवा डोळा ६/६०, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर तिला ६ मीटरवर यावं लागतंय. मग बारीक छिद्राच्या पट्टीतून बघायला सांगतात. चष्म्याच्या नंबरमुळे अंधुक दिसत असेल तर छिद्रातून बरंच सुधारतं. तिचं सुधारलं नाही. नंबरचा प्रश्न इथेच मिटला. बाळंतिणीचे दोन्ही डोळे ६/६.

मग रंग. लाल झाकण आधी चांगल्या डोळ्याला दाखवायचं, मग आजारी डोळ्याला, आणि विचारायचं की लाल सारखंच लाल आहे का. शिक्षिका म्हणते, डाव्या डोळ्याने कुंकवासारखं दिसतं, उजव्याने धुऊन विटल्यासारखं. नसेला दाह झाला की रंग, त्यातही लाल, लवकर मरतो आणि अक्षरं जितकी गेलीत त्याच्या मानाने रंग जास्त गेलेला असतो. बाळंतिणीला दोन्हीकडे लाल सारखंच भडक दिसतं.

तिसरी तपासणी सगळ्यात बोलकी, आणि ती अर्ध्या मिनिटात होते. खोली अंधारी करायची, रुग्णाला लांब बघायला सांगायचं आणि टॉर्चचा झोत एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद धरून झटकन दुसऱ्यावर न्यायचा. पुन्हा पहिल्यावर, पुन्हा दुसऱ्यावर.

निरोगी माणसाच्या दोन्ही बाहुल्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही आकुंचन पावतात. शिक्षिकेच्या डाव्या डोळ्यावर झोत आहे, दोन्ही बाहुल्या बारीक झाल्यात. आता झोत उजव्यावर नेला. उजेड तितकाच, पण उजवी नस मेंदूला सांगते की उजेड कमी झाला. मेंदू त्यावर विश्वास ठेवतो आणि झोत थेट डोळ्यावर असताना बाहुली मोठी होते. ज्याने पहिल्यांदा पाहिलं तो चक्रावतोच. ही खूण रुग्णाला ठरवूनही करता येत नाही, त्यामुळे ती फसवत नाही.

डोळ्यांचे ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मार्कस गन यांच्या नावाने ही बाहुली ओळखली जाते. झोत असा झुलवत बघायची पद्धत पॉल लेव्हाटिन यांनी १९५९ मध्ये मांडली. साठ वर्षांहून अधिक काळ झाला, तरी एका बाजूची नस बिघडली आहे हे इतक्या स्वस्तात सांगणारं दुसरं काही मिळालेलं नाही.

बाळंतिणीच्या बाहुल्या दोन्हीकडे सारख्याच वागतात. पॅपिलेडिमात दोन्ही नसा साधारण सारख्या दबलेल्या असतात, त्यामुळे तुलनेला फरकच उरत नाही. इथे एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. ही तपासणी दोन डोळ्यांतला फरक दाखवते, एकेका डोळ्याची तब्येत दाखवत नाही. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी सारखा न्यूरायटिस झाला तर ती गप्प बसते.

या तपासणीत सगळ्यात मोठी चूक होते ती क्रमाची. गर्दीच्या ओपीडीत वेळ वाचावा म्हणून बाहेर बसवूनच बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकले जातात. एकदा थेंब टाकले की बाहुली कित्येक तास उजेडाला दाद देत नाही आणि त्या दिवशी ही खूण बघायची संधी गेली. नजर अचानक कमी झालेल्या माणसाने किंवा सोबतच्यांनी थेंबाची बाटली पुढे आली की एवढं विचारायला हरकत नाही: टॉर्चने बाहुल्या बघून झाल्यात का?

थेंबाआधीच डोळे चहूबाजूंना फिरवायला सांगतात. शिक्षिकेला ते करताना कळ येते, कारण दाह झालेली नस डोळ्यासोबत ताणली जाते. बाळंतीण दुखत नाही म्हणते, पण उजवीकडे लांब बघितलं की दोन खांब दिसतात. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस कवटीच्या तळाशी लांबचा प्रवास करते. दाब वाढला की ती ताणली जाते आणि डोळा बाहेर पूर्ण वळत नाही. जवळचं एक, लांबचं दोन अशी तक्रार असते. तिने ती आधी सांगितली नव्हती, कारण बाळंतिणीच्या खोलीत लांबचं बघायचं असतंच किती.

आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब. डोळ्यांच्या ओपीडीत हे राहून जातं. रक्तदाब भयंकर वाढला तरी दोन्ही चकत्या अशाच सुजतात आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत तो वाढण्याचा धोका खरा असतो. तसं असेल तर तातडीचे उपचार वेगळेच. हिचा निघाला १२०/८०. म्हणजे तो रस्ता बंद.

मग आत काय दिसतं?

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत बघण्याचं साधन हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये जगासमोर आणलं. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी मेंदूचा आजार असलेल्यांच्या चकत्या सुजलेल्या असतात हे लिहून ठेवलं. शरीर न कापता मेंदूतल्या दाबाची बातमी मिळण्याची ती सुरुवात होती. आज बहुतेक ठिकाणी स्लिट लॅम्पसमोर हनुवटी टेकवून, डोळ्यापुढे भिंग धरून ही पाहणी होते.

बाळंतिणीच्या चकत्या लालसर आणि फुगीर. त्यांच्या कडेवरून जाणाऱ्या रक्तवाहिन्या मध्येच दिसेनाशा होतात, धुक्यात रस्ता हरवावा तशा, कारण वरचे धागे फुगून अपारदर्शक झालेत. शिरा टरटरलेल्या. कडेला ज्योतीच्या आकाराचे दोन-तीन रक्ताचे फराटे. निरोगी डोळ्यांपैकी बहुतेकांत चकतीवरची शीर बारीक धडधडताना दिसते, तिच्यात ती धडधड नाही. मात्र काही निरोगी लोकांतही ती दिसत नाही, त्यामुळे नुसती धडधड नाही म्हणून घाबरायचं कारण नसतं. ती दिसली तर दिलासा, एवढाच तिचा उपयोग.

शिक्षिकेची चकती मध्यम सुजलेली, रक्ताचे फराटे नाहीत. पण हे नियम पक्के नाहीत. फक्त चकतीचा फोटो दाखवून हा न्यूरायटिस की पॅपिलेडिमा असं विचारलं तर अनुभवी डॉक्टरही चुकू शकतात. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून मत मागण्याची आता पद्धत पडली आहे. तिच्यात नजर, रंग आणि बाहुली यांची माहिती सोबत नसेल तर तो फोटो अर्धीच गोष्ट सांगतो.

तिसरीही शक्यता असते आणि ती सुखद असते. काहींच्या चकत्या जन्मतःच लहान आणि गच्च भरलेल्या असतात, विशेषतः प्लस नंबरच्या लोकांच्या. काहींच्या चकतीत कॅल्शियमचे बारीक खडे असतात. त्या सुजल्यासारख्या दिसतात, पण सूज नसते. खडे डोळ्याच्या सोनोग्राफीत चमकतात. डोकेदुखीवाल्या निरोगी पोराला अशा चकतीमुळे एमआरआय आणि मणक्यातलं पाणी काढण्यापर्यंत फिरवलं गेल्याची उदाहरणं आहेत.

बाळंतिणीला घाई कशाची?

डोकेदुखी, दोन्ही चकत्या सुजलेल्या, नजर आणि बाहुल्या ठीक, रक्तदाब ठीक, आणि बाळंत होऊन १६ दिवस. या सगळ्याला जोडून डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा येतं ते मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी.

मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरा असतात. मेंदूभोवतीचं पाणीही शेवटी त्यांच्यातच उतरतं. तिथे गुठळी अडकली की रक्तही तुंबतं आणि पाणीही, आणि कवटीतला दाब चढतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त मुळातच लवकर गोठणारं असतं. बाळंतपणात रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. त्यात शरीरातलं पाणी कमी पडलं की धोका वाढतो.

इथे आपल्या घरांतली एक चाल आड येते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, जास्त प्यायली तर पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असं अजूनही अनेक घरांत मानलं जातं. खोली बंद, शेगडीचा शेक, अंगावर दूध आणि प्यायला मोजून पाणी. भारतात बाळंतिणींमध्ये हा आजार पूर्वीपासून जास्त नोंदला गेला आहे आणि पाणी तोडण्याच्या या चालीकडे डॉक्टरांनी अनेकदा बोट दाखवलं आहे. डिंकाचे लाडू खुशाल खावेत, पण पाणी तोडण्याला वैद्यकीय आधार नाही.

डोकेदुखीचा ढंगही बघावा लागतो. सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन दिलेल्या बाईचं डोकं काही दिवस दुखू शकतं. ते उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं, कारण तिथे पाणी गळून दाब कमी झालेला असतो. वाढलेल्या दाबाचं दुखणं साधारण उलटं: आडवं असताना, पहाटे, खोकताना, शिंकताना जास्त. आधी बसल्यावर दुखणारं डोकं नंतर सतत दुखायला लागलं तर ते तेच जुनं दुखणं आहे असं धरून चालत नाही.

आशाताई बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन, ताप, दूध सगळं विचारलं जातं. 'वाकून उठल्यावर अंधारी येते का' हा प्रश्न त्या वेळी आईला विचारला गेला, तर अशी बाई आठवडाभर आधी सापडू शकते. अशक्तपणात, रक्त कमी असतानाही अंधारी येते हे खरं, पण तेव्हा बहुधा सोबत गरगरतं, हातपाय गळतात. पॅपिलेडिमात माणूस पूर्ण शुद्धीत, तोल सांभाळून उभा असतो, फक्त दिवा गेल्यासारखं होऊन काही सेकंदांत परत येतो. दिवसातून पाच-दहा वेळा होतं, आणि सेकंदांचं असल्याने कुणी मनावर घेत नाही.

म्हणून तिला त्याच दिवशी एमआरआय आणि सोबत शिरांचा फोटो, म्हणजे एमआर व्हेनोग्राम, हवा. साधा सीटी स्कॅन गुठळी असूनही नॉर्मल येऊ शकतो. चिठ्ठीवर नुसतं 'मेंदूचा स्कॅन' लिहिलं गेलं आणि शिरांचा राहिला, तर रिपोर्ट नॉर्मल घेऊन ती घरी परतेल. ही तपासणी जवळ होत नसेल तर सोलापूर किंवा लातूर गाठायचं. धाराशिवहून दोन्हीकडे सत्तर-ऐंशी किलोमीटरचा रस्ता आहे आणि तो त्याच दिवशी कापावा लागतो. उशीर झाला तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, अर्धांग जाऊ शकतं.

गुठळी दिसली की रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन सुरू होतं. नंतर काही महिने, बहुधा तीन ते सहा, गोळ्या चालतात. बाळाला अंगावर पाजता येईल अशी औषधं निवडता येतात. पुढे पाळणा लांबवायचा असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगतात. व्हेनोग्राममध्ये शिरा मोकळ्या आणि मेंदूत गाठही नाही असं निघालं, तर मणक्यातून पाणी काढताना दाब मोजतात. मोठ्या माणसात २५ सेंटिमीटर पाण्यापेक्षा जास्त म्हणजे वाढलेला. पण आधी स्कॅन, मग सुई. आत गाठ असताना मणक्यातून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो.

आता समजा त्या दिवशी 'नस सुजली' एवढंच धरून तिला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असत्या. शिरेतल्या गुठळीवर स्टेरॉइडचा उपयोग होत नाही आणि गेलेले दिवस परत येत नाहीत.

आणि शिक्षिकेचं काय?

तिलाही थांबायचं नाही, पण तिच्यापाशी काही दिवस आहेत. तिचा एमआरआय डोळ्याच्या खोबणीचा आणि मेंदूचा, रंगद्रव्य देऊन, असा होतो. रक्तातल्या दोन प्रतिद्रव्यांची तपासणी सांगतात, अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग. पाश्चात्त्य देशांत तरुण बाईला ऑप्टिक न्यूरायटिस झाला की पहिला विचार मल्टिपल स्क्लेरोसिसचा येतो. भारतात या दोन प्रतिद्रव्यांचे आजार तुलनेने बरेच दिसतात आणि त्यांची वागणूक निराळी असते. अ‍ॅक्वापोरिनचा झटका डोळा कायमचा घालवू शकतो, त्यात उपचारांना उशीर परवडत नाही. क्षयरोग आणि सिफिलिसही तपासून घेतात, कारण स्टेरॉइडने लपलेला क्षय उसळू शकतो.

उपचार असतो शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, साधारण रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस. वर सांगितलेल्या ४५७ रुग्णांच्या चाचणीचा निकाल १९९२ मध्ये आला तेव्हा दोन गोष्टींनी डॉक्टर चकित झाले होते. एक, इंजेक्शनने नजर लवकर परतते, पण सहा महिन्यांनंतर इंजेक्शनवाले आणि बिनऔषधवाले यांच्या नजरेत फारसा फरक राहत नाही. दोन, त्या चाचणीत वापरलेल्या नेहमीच्या डोसच्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांना न्यूरायटिस पुन्हा होण्याचं प्रमाण उलट दुपटीच्या आसपास होतं. म्हणून मेडिकलवरून स्टेरॉइडची पट्टी घेऊन घरीच सुरू करणं इथे नुसतं निरुपयोगी नाही, तोट्याचं आहे.

बहुतेकांची नजर दोन-तीन आठवड्यांत परतू लागते. रंग थोडा फिका राहतो. काहींना पुढे कधी एप्रिल-मेच्या उन्हातून चालून आलं, ताप आला किंवा कडक पाण्याने अंघोळ केली की त्या डोळ्याला तात्पुरतं अंधुक दिसतं. जर्मन डॉक्टर व्हिल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच हे नोंदवलं होतं. वेष्टण सोललेल्या धाग्यातून संदेश उष्णतेने आणखी मंदावतो. अंग थंड झालं की नजर परत येते आणि बहुधा तो नवा झटका नसतो.

दोन्ही गोष्टींची सरमिसळही होते. मॉगच्या आजारात दोन्ही डोळ्यांच्या चकत्या एकदम मोठ्या सुजतात, अगदी पॅपिलेडिमासारख्या. तिथे पुन्हा तक्ताच कामी येतो. चकत्या सुजून चार दिवस झालेत आणि दोन्ही डोळ्यांना बोटंही मोजता येत नाहीत, तर तो दाह असण्याची शक्यता जास्त. चकत्या तितक्याच सुजल्यात आणि शेवटची ओळ वाचता येते, तर दाब.

पुढच्या भेटी, आणि सपाट चकतीचा चकवा

महिन्याभराने बाळंतीण पुन्हा त्याच स्लिट लॅम्पसमोर बसते. सूज किती, हे शून्य ते पाच अशा पायऱ्यांत लिहितात. स्वीडिश डॉक्टर लार्स फ्रिसेन यांनी १९८२ मध्ये ही पद्धत दिली. समजा आधी तीन होती, आता एक आहे. घरचे खूश. डॉक्टर मात्र लगेच खूश होत नाहीत.

कारण चकती दोन रीतींनी सपाट होते. दाब उतरला म्हणून, किंवा दाब तसाच राहून धागे मेले म्हणून. मेलेला धागा फुगत नाही. तिथे सूज कमी दिसते, पण चकती पांढुरकी पडत जाते आणि नजर बाहेरच्या कडेकडून आत अशी आक्रसते. मधलं अक्षर शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून तक्त्यावर अजूनही ६/६. बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही, दाराची चौकट खांद्याला लागते.

म्हणून प्रत्येक भेटीत नुसता तक्ता नाही, तर नजरेचं क्षेत्र मोजणारी फील्डची तपासणी करतात. अंधाऱ्या वाडग्यात ठिपके चमकतात आणि दिसला की बटण दाबायचं. कंटाळवाणं आहे, लोक मध्येच पेंगतात, बाळाला पाजून आणि सोबत कुणाला तरी घेऊन यावं लागतं. सोबत ओसीटी, म्हणजे चकतीभोवतीच्या धाग्यांच्या थराची जाडी. तिलाही एकटीला विश्वासात घेऊन चालत नाही. जाडी घटली याचा अर्थ सूज उतरली असाही होतो आणि धागे गेले असाही. फील्ड सुधारत असताना जाडी घटली तर चांगलं, फील्ड आक्रसत असताना घटली तर वाईट.

दुसऱ्या प्रकारात थांबून चालत नाही. दाब उतरवणाऱ्या अ‍ॅसिटाझोलामाइड गोळ्यांचा डोस वाढवतात. तरी फील्ड जात राहिलं तर मेंदूतलं पाणी पोटात वळवणारी नळी बसवतात किंवा डोळ्यामागे नसेच्या आवरणाला बारीक खिडकी पाडतात. समजा हिचं फील्ड चांगलं भरून आलं आहे, चकतीचा रंग गुलाबी आहे आणि लांबचा खांब पुन्हा एकच दिसतो. थेंब टाकल्यामुळे तिला संध्याकाळपर्यंत अंधुक दिसेल, तेव्हा कळंबला परतताना बाळ सोबतच्या बाईकडे द्यायचं. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची, आणि त्याही दिवशी आधी टॉर्च, मग थेंब.